सोसायटीतलं मोफत रेबीज लसीकरण शिबिर : नोटीस लावण्यापासून रजिस्टर बंद करेपर्यंत

आमच्या सोसायटीत रविवार, ५ ऑक्टोबर २०२५ रोजी कुत्र्यांसाठी मोफत रेबीज लसीकरण शिबिर झालं. पुण्याच्या उपनगरातली चार विंगांची सोसायटी, ३८ पाळीव कुत्री आणि आवारातच राहणारी आणखी ११. दुसऱ्या एखाद्या सोसायटीला हे करायचं असेल तर कुठल्या क्रमाने काय करावं लागतं, नोटिशीत काय असावं आणि का असावं, ते इथे मांडतो आहोत. खरा जोर नोटिशीवर आहे. शिबिराच्या दिवशी होणारे बहुतेक घोळ नोटिशीत न लिहिलेल्या एखाद्या ओळीमुळे होतात.

सुरुवात ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात झाली. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन, आणि २०२५ मध्ये तो रविवारीच येत होता, म्हणून आधी तीच तारीख ठरवली होती. पण त्या दिवशी ठिकठिकाणी शिबिरं असल्यामुळे पशुवैद्यकांची वेळ मिळणं कठीण असतं. शिवाय नवरात्र होतं, क्लब हाउससमोर मांडव आणि रोज रात्री उशिरापर्यंत स्पीकर. आवाजाने बिथरलेली कुत्री सकाळी रांगेत उभी करण्यात अर्थ नव्हता. म्हणून दसऱ्यानंतरचा रविवार घेतला. त्यापुढे जाण्यातही तोटा होता. दिवाळीत फटाके सुरू झाले की आवारातली कुत्री पांगतात आणि पुढचे काही आठवडे हाती लागत नाहीत.

आमच्या शिबिरात लस आणि डॉक्टर एका प्राणिसेवी संस्थेने दिले. संस्थेला दिलेल्या पत्रात सोसायटीचा नोंदणी क्रमांक, अध्यक्ष-सचिवांच्या सह्या, पाळीव आणि आवारातल्या कुत्र्यांची वेगवेगळी संख्या, पाण्याचा नळ असलेल्या सावलीतल्या जागेचं वर्णन आणि दोन पर्यायी तारखा एवढं होतं. होकार यायला दोन आठवडे लागले. शिबिर ‘मोफत’ असलं तरी टेबलं, बर्फ, सिरिंजा, छपाई आणि पकडणाऱ्या दोघांचं मानधन सोसायटीकडे होतं. हा खर्च आधी कमिटीत मंजूर करून घ्यावा. म्हणजे ऐन वेळी दारात पैसे गोळा करण्याची पाळी येत नाही.

नोटीस पंधरा दिवस आधी, २० सप्टेंबरला चारही विंगांच्या बोर्डांवर लागली. मजकूर असा होता :

सर्व सभासद व भाडेकरू यांना कळविण्यात येते की, रविवार दि. ५ ऑक्टोबर २०२५ रोजी सकाळी ७.३० ते ११ या वेळेत बी विंगमागील पार्किंगमध्ये पाळीव कुत्र्यांसाठी मोफत रेबीज प्रतिबंधक लसीकरण शिबिर आयोजित केले आहे. आवारातील कुत्र्यांचे लसीकरण त्याच दिवशी पहाटे ६ वाजता होईल.

१. कुत्र्याचे वय तीन महिने पूर्ण झालेले असावे.

२. नोंद अर्ज २८ सप्टेंबरपर्यंत भरून सोसायटी कार्यालयात द्यावा. टोकन व वेळ कार्यालयातून मिळेल.

३. लसीकरणाचे जुने कार्ड मूळ स्वरूपात आणावे. नसल्यास अर्जात तसे लिहावे.

४. गळ्यात घट्ट बसणारा पट्टा व चार-पाच फुटांची न ताणली जाणारी दोरी असावी. चावण्याची सवय असल्यास मझल घरूनच घालून आणावे.

५. सोबत कुत्र्याला आवरू शकेल अशी, घरातील व १८ वर्षांवरील एक व्यक्ती असावी.

६. सकाळी खाणे हलके द्यावे. पाण्याची वाटी व विष्ठा उचलण्यासाठी कागद आणावा.

७. ताप, उलट्या किंवा जुलाब असलेले, तसेच मागील दहा दिवसांत कोणालाही चावलेले कुत्रे आणू नये, कार्यालयास कळवावे. ज्या कुत्र्यास अनोळखी जनावर चावले असेल त्यास शिबिराची वाट न पाहता त्वरित डॉक्टरांकडे न्यावे. गाभण मादी किंवा औषधोपचार सुरू असलेले कुत्रे असल्यास अर्जात नमूद करावे.

८. लस दिल्यावर शिबिराच्या जागी अर्धा तास थांबावे.

मसुद्यात एक नववी ओळ होती, ‘कुत्रा न आणणाऱ्यास दंड होईल’ अशी. ती काढून टाकली. दंडाच्या भीतीने लोक कुत्रा आणत नाहीत, कुत्रा असल्याचंच लपवतात. मग आपल्याकडे किती कुत्री आहेत हा आकडाही हाती राहत नाही.

आता यातल्या महत्त्वाच्या ओळींची कारणं.

तीन महिन्यांची अट डॉक्टरांच्या सोयीसाठी नसते. पिल्लाच्या अंगात आईकडून आलेली प्रतिकारशक्ती असते आणि फार लवकर दिलेली लस तीच निकामी करू शकते. दोन महिन्यांच्या पिल्लाला टोचून आणलं तर मालक वर्षभर निर्धास्त राहतो आणि पिल्लू मात्र उघडंच राहतं. अशा दोन पिल्लांची नावं आम्ही अर्जावरूनच वेगळी काढली आणि त्यांना तीन महिने पूर्ण होतील त्या तारखा मालकांना लिहून दिल्या. पहिल्यांदाच लस घेणाऱ्या पिल्लांना तीन-चार आठवड्यांनी दुसरा डोस द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. तो शिबिरात मिळणार नव्हता, म्हणून ती तारीखही कार्डावर लिहून घेतली.

नोंदणीची शेवटची तारीख शिबिराच्या आठवडाभर आधी ठेवण्याचं कारण लसीच्या बाटल्या. आम्हाला मिळालेली बाटली दहा मिलिलिटरची होती आणि एका कुत्र्याला एक मिलिलिटर लागतो. हिशेबाने ४९ कुत्र्यांना पाच बाटल्या पुरल्या पाहिजेत. पण प्रत्येक सिरिंजच्या टोकात आणि सुईत थोडी लस अडकून राहते, हवा काढताना एखादा थेंब जातो, आणि दहावा डोस पुष्कळदा पूर्ण भरत नाही. अपुरा डोस द्यायचा नसतो. त्यामुळे बाटलीला नऊ डोस धरून आम्ही सहा बाटल्या मागवल्या. उघडलेली बाटली त्याच दिवशी संपवावी लागते, म्हणून दुसरी बाटली पहिली संपल्यावरच उघडायची हा नियम टेबलावर चिकटवून ठेवला होता.

कार्ड मूळच का, तर मोबाइलवरच्या फोटोत तारखा धड वाचता येत नाहीत आणि स्टिकरवरचा बॅच नंबर तर मुळीच नाही. कार्ड बघताना एक गोष्ट वारंवार दिसली. ‘आमच्या कुत्र्याची सगळी इंजेक्शनं झालीत’ असं घरचे खात्रीने सांगतात, आणि कार्डावर फक्त डिस्टेंपर, पार्व्हो वगैरेंच्या एकत्रित लसीची नोंद असते. त्या लसीत रेबीज असतोच असं नाही. कार्डावर ‘रेबीज’ हा शब्द स्वतंत्रपणे, तारखेसह आहे का, एवढंच शोधायचं. नसेल तर रेबीजची लस झालेली नाही असं धरायचं. उलट, मागची लस दोन-तीन महिन्यांपूर्वीच झालेली असेल तर आताच पुन्हा देण्याची गरज नसते. अशा कुत्र्याचं पुढच्या तारखेसह रजिस्टरमध्ये नाव घ्यायचं आणि घरी पाठवायचं.

पट्ट्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. ढिला पट्टा कुत्रं मान मागे ओढून सहज काढतं, आणि घाबरलेलं कुत्रं मागेच ओढतं. पट्टा आणि मान यांमध्ये दोन बोटं जातील एवढीच जागा असावी. ताणून लांब होणारी दोरी रांगेत धोक्याची, कारण बटण दाबेपर्यंत कुत्रं समोरच्यावर गेलेलं असतं. मझल तिथे आल्यावर घालू नये. अनोळखी जागा, अनोळखी वास आणि त्यात तोंडावर काहीतरी चढतंय म्हटल्यावर शांत कुत्रंही झटका देतं. नोटीस लागल्यापासून रोज पाच मिनिटं घरी सवय केली तर दोन आठवडे पुरतात. जाळीचं मझल चांगलं, त्यात कुत्र्याला तोंड उघडून धापता येतं. कापडी पट्टी किंवा बँडेज बांधलं तर ते काही मिनिटांपुरतंच ठेवायचं, कारण धापणं बंद झालं की अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. पग, शिट्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तोंड बांधूच नये. त्यांना मालकाने समोरून धरायचं आणि डॉक्टरांनी मागून यायचं.

सातव्या ओळीवर सर्वांत जास्त प्रश्न आले. चावलेल्या कुत्र्याला तर लस आधी द्यायला हवी, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं. चावण्याच्या वेळी त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू असेल तर या दहा दिवसांत त्याला लक्षणं दिसतात किंवा ते मरतं. याच काळात लस दिली आणि त्यानंतर कुत्रं मलूल झालं, खाईना, तर ते लसीमुळे की रोगामुळे हे कळत नाही. म्हणून दहा दिवस थांबायचं, कुत्रं ठणठणीत राहिलं तर मग लस द्यायची. ज्याला चावलं त्या माणसाने मात्र हे दहा दिवस थांबायचं नाही. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची.

३ ऑक्टोबरला व्हॉट्सॲप ग्रुपवर विंगवार वेळा पुन्हा टाकल्या. सुई टोचायला मिनिटभरही लागत नाही. ताप बघणं, कार्ड वाचणं आणि प्रमाणपत्र लिहिणं यात वेळ जातो. दर कुत्र्यामागे पाच मिनिटं धरली तर तासाला बारा कुत्री होतात. नावं, जात, रंग, लिंग, वय आणि फ्लॅट नंबर अर्जावरून आदल्या दिवशीच प्रमाणपत्रांवर भरून ठेवले होते, त्यामुळे डॉक्टरांना फक्त स्टिकर, तारीख आणि सही उरली. दोन विंगांच्या वेळा एकत्र ठेवल्या नाहीत. अडचण रांगेपेक्षा लिफ्टमध्ये होते. दार उघडल्यावर समोरासमोर आलेली दोन मोठी कुत्री आवरणं रांगेतल्या दहा कुत्र्यांपेक्षा अवघड असतं.

लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असते, आणि तिला उन्हाइतकाच बर्फाचाही धोका असतो. लस गोठली तर तिच्यातला मदतनीस घटक गुठळ्या धरतो आणि ती वापरण्यालायक राहत नाही, मग पुन्हा पातळ होवो वा न होवो. म्हणून फ्रीझरमधून काढलेले बर्फाचे पॅक थेट बाटल्यांना लावायचे नाहीत. पॅक बाहेर ठेवून हलवून बघायचा. आत पाणी हलल्याचा आवाज आला की तो पेटीत ठेवण्याजोगा झाला. आम्ही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून मधोमध ठेवल्या, शेजारी साधा थर्मामीटर ठेवला आणि दर अर्ध्या तासाने आकडा लिहिला. पेटी फक्त एकच माणूस उघडणार, हेही ठरवलं होतं. दर कुत्र्यामागे झाकण उघडलं की ऑक्टोबरच्या उन्हात तासाभरात पेटीचा उपयोग संपतो.

५ तारखेला पहाटे सहाला आवारातल्या कुत्र्यांपासून सुरुवात केली. रोज खाऊ घालणाऱ्या दोन महिला त्यांच्या नेहमीच्या जागी, नेहमीच्या भांड्यांत, पण निम्मंच खाणं घेऊन आल्या. पोट भरलेलं कुत्रं थांबत नाही. ओळखीच्या हाताने सात कुत्री धरली गेली. दोघांसाठी जाळी लागली. पकडणारे दोघंही रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस घेतलेले होते, आणि ही अट कुठल्याही शिबिराने सोडू नये. दोन कुत्री जाळी पाहून कंपाउंडबाहेर गेली. त्यांच्या मागे धावायचं नाही, कारण पाठलाग झालेलं कुत्रं पुढच्या वेळीही हाती लागत नाही. लस दिलेल्या प्रत्येकाच्या गळ्यात लाल फितीचा पट्टा बांधला आणि फोटो काढून रजिस्टरला जोडला. कानाची खाच बघून नसबंदी झालेली कोणती तेही लिहिलं. खाच नसबंदीची खूण आहे, लसीची नव्हे, हे सिक्युरिटीलाही सांगून ठेवावं लागतं.

साडेसातला पाळीव कुत्र्यांची रांग सुरू झाली. टेबलाजवळच्या नळावर साबणाची वडी आधीच ठेवली होती, ओरखडा आला तर शोधाशोध नको म्हणून. प्रत्येक कुत्र्याला नवी सिरिंज आणि नवी सुई. वापरलेल्या सुया टोपण न लावता थेट जाड, न फुटणाऱ्या डब्यात टाकायच्या. टोपण पुन्हा लावतानाच हाताला सुई लागते. हा डबा आणि रिकाम्या बाटल्या सोसायटीच्या कचऱ्यात जाता कामा नयेत. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम लसीकरण शिबिरांनाही लागू आहेत, त्यामुळे कचरा डॉक्टरांनीच परत न्यायचा हे पत्रातच लिहून घेतलं होतं.

अर्धा तास थांबण्याच्या ओळीचा उपयोग साडेनऊच्या सुमारास दिसला. डी विंगच्या एका पगला लस देऊन पंधरा-वीस मिनिटं झाली होती. तो तोंड जमिनीवर घासू लागला, मग पापण्या आणि ओठ सुजले. डॉक्टरांनी हिरड्यांचा रंग आणि श्वास बघितला, दोन्ही ठीक होते. ॲलर्जी कमी करणारं इंजेक्शन दिलं आणि त्याला तासभर सावलीत ठेवलं. सूज उतरू लागल्यावर तो घरी गेला. हिरड्या पांढुरक्या पडल्या असत्या, श्वास लागला असता किंवा तो कोसळला असता तर ॲड्रेनॅलिन लागलं असतं, आणि ते भरलेल्या सिरिंजसह टेबलावर होतं. शिबिर ठरवताना डॉक्टरांना हे औषध आणणार का, असं स्पष्ट विचारावं. पगच्या कार्डावर प्रतिक्रियेची नोंद झाली आणि पुढची लस दवाखान्यातच द्यावी असा शेरा पडला.

बाकीच्या मालकांना एवढंच सांगितलं : एक-दोन दिवस कुत्रं सुस्त राहील, कमी खाईल, टोचल्या जागी वाटाण्याएवढी गाठ येईल. गाठ चोळायची नाही, ती आपोआप जिरते. महिन्यानंतरही राहिली किंवा वाढत गेली तर दाखवायची. आणि लस दिली म्हणजे त्याच क्षणी संरक्षण मिळालं असं होत नाही. पहिल्यांदा लस घेतलेल्या कुत्र्याला दोन ते चार आठवडे जपायचं, अनोळखी कुत्र्यांत मोकळं सोडायचं नाही.

प्रमाणपत्र जागेवरच तपासून घ्यावं. लसीचं नाव, बॅच नंबर, बाटलीची मुदत, दिल्याची तारीख, पुढची तारीख, डॉक्टरांची सही, शिक्का आणि त्यांचा राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक, यातलं काही राहिलं तर पालिकेच्या परवान्यासाठी ते कागद परत येतात. दहा डोसांच्या बाटलीला स्टिकर एखादाच असतो, म्हणून बॅच नंबर हाताने लिहावा लागतो. तो आम्ही दोघांनी वाचून पडताळला. परदेशी जाणाऱ्या एका कुटुंबाला डॉक्टरांनी त्या दिवशी लस न घेण्याचा सल्ला दिला. युरोपात कुत्रं न्यायचं तर आधी मायक्रोचिप आणि मगच रेबीजची लस धरली जाते, त्यानंतर किमान तीस दिवसांनी रक्ताची तपासणी आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणं. चिपआधीची लस त्या हिशेबात मोजत नाहीत.

अकराला हिशेब केला. पाळीवांपैकी ३४ आणि आवारातली ९, म्हणजे ४९ पैकी ४३ कुत्र्यांना लस मिळाली. पाच बाटल्या उघडल्या, सहावी थंड राहिल्याने तशीच परत गेली. एका वस्तीतल्या किमान ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते असं जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे. ४९ चे ७० टक्के म्हणजे ३५. पण हे माप सोसायटीच्या भिंतीपुरतं लावून चालत नाही, कारण आवारातली कुत्री शेजारच्या रस्त्यावरही फिरतात. म्हणून शेजारच्या दोन सोसायट्यांना नोटिशीची प्रत आणि अर्जाचा नमुना दिला आहे.

राहिलेली सहा कुत्री अशी : तीन महिन्यांखालची दोन पिल्लं, परदेशी जाणाऱ्या कुटुंबाचं एक, तापामुळे परत पाठवलेलं एक आणि पळालेली दोन. तापाचं कुत्रं बरं झाल्यावर घरच्यांनी दवाखान्यात नेलं. पळालेल्या दोघांना जाळी न दाखवता, खाऊ घालणाऱ्या महिलांच्या हातूनच १२ ऑक्टोबरला पहाटे लस दिली, दिवाळीचे फटाके सुरू होण्याआधी. पिल्लांच्या आणि परदेशी जाणाऱ्याच्या तारखा कार्यालयातल्या रजिस्टरवर आहेत. त्याच पानावर पुढच्या वर्षीची तारीखही लिहिली आहे : रविवार, ४ ऑक्टोबर २०२६. संस्थेला पत्र जुलैमध्येच जाईल.